डब्याच्या झाकणावरचं नाव

मागच्या भेटीत आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज विषय आहे तो त्याच वहीतल्या एका खर्चाचा. हळदीकुंकवाचं वाण, सेवापूर्तीची भेट, गटाच्या वर्धापनदिनाची आठवण, असं काहीतरी नाव घालून करून घ्यायचं असतं, आणि आता ते फोनवर बघून ऑनलाइन मागवलं जातं. त्यात पैसे कसे बुडतात आणि बुडू नयेत म्हणून काय बघायचं, ते आज सांगते.

माझ्या नणंदेचा गट मुळशी तालुक्यात आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी वाणासाठी स्टीलचे छोटे डबे मागवले होते. झाकणावर गटाचं नाव आणि खाली ‘संक्रांतीनिमित्त सप्रेम भेट’ असं कोरून हवं होतं. पैसे आधी भरले, सगळेच्या सगळे. डबे आले ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी. उघडून बघतात तो झाकणावर ‘निमित्त’च्या जागी ‘नमित्ति’ आणि ‘सप्रेम’च्या जागी ‘सप्‌रेम’. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, “तुम्ही पाठवलं तेच छापलंय, नाव घातलेला माल परत घेत नाही.” तीस बायकांनी तेच डबे हसत हसत नेले. पण गटाच्या पैशातून झालेला खर्च होता. पुढच्या बैठकीत अध्यक्षबाईंना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं, आणि ते त्यांना फार लागलं.

ही चूक नेमकी कशी झाली ते आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत जुनीच. पुण्यात तुळशीबागेत, रविवार पेठेत भांडी घ्यायला गेलं की दुकानदार विचारायचा, “नाव काय घालायचं?” मग आपण कागदावर लिहून द्यायचो, नाव घालणारा तो कागद समोर ठेवायचा आणि हातातलं यंत्र घुर्रर्र करत चालवायचा. आपण शेजारी उभ्या. ‘सौ.’ राहिला तर तिथल्या तिथे सांगता यायचं. म्हणजे माल बघणं, माणूस बघणं आणि काम होताना बघणं ही तिन्ही कामं एकाच जागी व्हायची. ऑनलाइन मागवताना ही तिन्ही कामं सुटी होतात. माल आपण फोटोत बघतो, माणूस दुसऱ्यांच्या अभिप्रायातून ओळखतो, आणि काम होताना दिसतच नाही. म्हणून कामाआधी नमुना मागायचा.

आता ‘नमित्ति’ कसं झालं? मराठीत ‘नि’ लिहिताना वेलांटी न च्या आधी काढतो, पण उच्चार न चा आधी आणि वेलांटीचा नंतर. आपण फोनवर जे मराठी टाइप करतो ते युनिकोड पद्धतीचं असतं. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात आणि वेलांटी मागे नेऊन बसवायचं काम संगणकाला करावं लागतं. छपाईवाल्याकडचं चित्र जुळवायचं सॉफ्टवेअर जुनं असेल, किंवा त्यात भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल, तर वेलांटी मागे जातच नाही, पुढे राहते. मग ‘नि’ची वेलांटी म ला चिकटल्यासारखी दिसते, ‘मि’ची वेलांटी त्त ला चिकटते, आणि ‘निमित्त’चं ‘नमित्ति’ होतं. जोडाक्षरं जुळत नाहीत, म्हणून ‘प्रे’चा ‘प्‌रे’ पाय मोडून उभा राहतो. रफार डोक्यावर चढत नाही. ज्याला मराठी येत नाही अशा कामगाराला यात काहीच वावगं दिसत नाही. त्याच्या दृष्टीने त्याने आपला मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला असतो. म्हणून ‘तुम्ही पाठवलं तेच छापलं’ हे त्याचं म्हणणं खोटंही नसतं.

दुसऱ्या बाजूला मराठी छपाईची कामं रोज करणारे लोक आहेत. त्यातल्या अनेकांकडे श्री-लिपीसारखे मराठी फॉन्ट असतात. हे श्री-लिपी पुण्यातल्याच कंपनीचं. मराठी पत्रिका, फ्लेक्स, अहवाल त्यावर वर्षानुवर्षं निघत आले आहेत. जुन्या पद्धतीच्या अशा फॉन्टमध्ये आपला फोनवरचा मजकूर थेट चिकटवता येत नाही. तो रूपांतर करून घ्यावा लागतो, नाहीतर पुन्हा टाइप करावा लागतो. पुन्हा टाइप करणारा माणूसच असतो, त्यामुळे तिथे वेगळी चूक होते. एखादं अक्षर गळतं, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं. म्हणजे सॉफ्टवेअर कुठलंही असो, कोरण्याआधीचं चित्र आपण स्वतः वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता गेल्या संक्रांतीची गोष्ट सांगते. गटाला दहा वर्षं झाली म्हणून पुन्हा डबेच द्यायचे ठरले. छत्तीस डबे, झाकणावर गटाचं नाव, त्याखाली ‘दशकपूर्तीनिमित्त सप्रेम भेट’, आणि तळाशी ‘हळदीकुंकू समारंभ’. या वेळी नणंदेने मला फोन केला, “वहिनी, तुम्ही पुण्यात राहता, जरा बघा ना.” मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसले. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं हे खरं, पण त्यांची तारीख संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारची ठरलेली होती. वाण एक दिवस उशिरा आलं तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मी हाताशी सहा आठवडे ठेवले. त्यातले दोन आठवडे निव्वळ विक्रेता पारखण्यात आणि नमुन्यात गेले.

तीन विक्रेते समोर आले. पहिला इन्स्टाग्रामवरचा, नव्व्याण्णव रुपयांत डबा. दुसरा एका मोठ्या खरेदीच्या संकेतस्थळावरचा, एकशे तीस रुपये, वर चार तारे आणि शेकडो अभिप्राय. तिसरा पुण्यातच पेठेत दुकान असलेला, ऑनलाइनही माल देणारा, एकशे पंचेचाळीस रुपये, अभिप्राय मोजून चाळीसेक.

बहुतेक जणी वरचे तारे बघतात आणि पुढे जातात. मी तारे बघत नाही. अभिप्रायांची यादी नवीन आधी या क्रमाने लावते आणि दोन-तीन तारे दिलेल्यांचं लिहिणं आधी वाचते. पाच तारेवाला ‘छान, मस्त’ म्हणून मोकळा होतो, एक तारावाला कधी कधी फक्त रागावलेला असतो. मधला माणूस मात्र काय बरं होतं आणि काय बिघडलं ते सांगतो. नाव घालायच्या वस्तूबद्दल मला त्या लिहिण्यात तीनच गोष्टी हव्या असतात. नाव बरोबर आलं का, सांगितलेल्या दिवशी आलं का, आणि चूक झाली तेव्हा विक्रेता कसा वागला.

दुसऱ्या विक्रेत्याचे शेकडो अभिप्राय असे वाचले तेव्हा गंमत दिसली. निम्म्याहून जास्त अभिप्राय डब्याबद्दल नव्हतेच. कोणी पाण्याच्या बाटलीबद्दल लिहिलं होतं, कोणी कॉफीच्या कपाबद्दल. एकाच पानावर वेगवेगळ्या वस्तू जोडल्या की सगळ्यांचे तारे एकत्र मोजले जातात. बाटली चांगली निघाली म्हणून डब्याला तारे मिळालेले. डब्यावरचे जे खरे अभिप्राय होते त्यात ग्राहकांनी टाकलेले फोटो मी एकेक उघडले. सगळ्यांवर नावं इंग्रजीत. मराठी किंवा हिंदी अक्षर एकाही डब्यावर नव्हतं. एका बाईंनी तीन तारे देऊन लिहिलं होतं की हिंदीत नाव मागितलं होतं, इंग्रजीत आलं. तो विक्रेता फसवा होता असं मी म्हणणार नाही. इंग्रजी नावं तो नीट घालत असेल. पण आपलं काम त्याच्या हातचं नव्हतं.

अभिप्राय खोटे असतील तर ओळखायचे कसे, हे मला नेहमी विचारतात. पक्की खूण नाही, पण काही गोष्टी एकत्र दिसल्या की सावध व्हायचं. दोन-तीन दिवसांत एकदम ढीगभर अभिप्राय आणि आधी-नंतर शुकशुकाट. वेगवेगळ्या नावांखाली तीच वाक्यं. वस्तूबद्दल एकही बारीक तपशील नाही, नुसतं कौतुक. गूगलच्या नकाशावरच्या दुकानाचा अभिप्राय असेल तर लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याने आणखी कुठे कुठे लिहिलंय ते बहुतेक वेळा दिसतं. एकाच दिवशी चार वेगळ्या शहरांतल्या दुकानांची स्तुती केलेली असेल तर त्या माणसाचं म्हणणं मोजायचं नाही. बाकी कायद्यानेही हे बंद आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला मनाई आहे. पण नियम आहे म्हणून कोणी करत नाही असं थोडंच असतं!

आता पहिला, नव्व्याण्णव रुपयेवाला. त्याच्याकडे अभिप्राय म्हणून काय होतं? ग्राहकांशी झालेल्या गप्पांचे फोटो. ‘दादा, डबे खूप आवडले’ वगैरे. असा फोटो दोन फोन घेऊन कोणीही घरबसल्या बनवू शकतं. त्याला मी अभिप्राय धरत नाही. त्याच्या चित्रांखाली कोणाला काही लिहिता येऊ नये अशी सोय त्याने केलेली होती, म्हणजे तक्रार असली तरी दिसणार नाही. मग त्याच्या पानावर वरच्या तीन टिंबांत About this account असं असतं तिथे गेले. खातं कधी उघडलं ते तिथे दिसतं. चारच महिने झाले होते, आणि पानावर मात्र ‘आठ वर्षांचा विश्वास’ असं लिहिलेलं.

पण खरा उलगडा फोटोंनी केला. फोटो बघायची रीत जरा सावकाश सांगते, कारण ती एकदा हाताला बसली की कायम उपयोगी पडते.

विक्रेत्याच्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि गूगल लेन्समध्ये टाकायचा. लेन्स म्हणजे फोनमधल्या गूगलच्या शोधाच्या चौकटीत जे कॅमेऱ्याचं चिन्ह असतं ते. तोच फोटो आणखी कुठे आहे ते ते शोधून दाखवतं. मी टाकला तर तोच डबा, तोच लाकडी टेबल, तीच मागची कुंडी सहा वेगवेगळ्या दुकानांच्या पानांवर निघाली, त्यातली दोन परदेशातली. आता एकच फोटो दोघांकडे असला म्हणून लगेच चोर म्हणायचं नाही. घाऊक व्यापारी सगळ्या किरकोळ दुकानदारांना एकच फोटो देतो, हे चालतं. पण नाव घातलेल्या डब्याचा फोटो स्वतःच्या कामाचा असायला हवा. तोही उसना असेल तर त्याने आजवर काय काम केलंय ते आपल्याला कळलेलंच नाही.

दुसरं, नाव खरंच डब्यावर आहे की फोटोवर नंतर चिकटवलंय ते बघायचं. फोटो बोटांनी मोठा करायचा. खरं कोरलेलं नाव झाकणाच्या उंचवट्याबरोबर किंचित वळतं, त्यावर उजेड पडला की चकाकी अक्षरांतून तुटक जाते. चिकटवलेलं नाव सपाट असतं, सगळीकडे सारखंच काळं, आणि झाकणावरची चकाकी त्याच्या खालून गेल्यासारखी दिसते. आणखी सोपी खूण म्हणजे त्याच्या पानावरचे चार-पाच फोटो शेजारी ठेवायचे. डबा, सावली, टेबलावरचा डाग सगळं तसंच आणि नाव फक्त बदललेलं असेल, तर तो एकच कोरा डबा आहे. असं चित्र कल्पना देण्यासाठी वापरतात, त्यात गुन्हा नाही. पण त्याला झालेल्या कामाचा पुरावा धरायचं नाही.

तिसरं म्हणजे सरळ मागायचं. मी तिघांनाही एकच संदेश पाठवला: “मराठीत नाव घातलेल्या, तुम्ही केलेल्या डब्याचा फोटो पाठवा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून.” नव्व्याण्णववाल्याने पुन्हा तोच कुंडीवाला फोटो पाठवला आणि म्हणाला, “मॅडम, ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे, पैसे टाका.” दुसऱ्याचं उत्तरच आलं नाही. पेठेतल्या दुकानदाराने दीड तासाने फोटो पाठवला. ट्यूबलाइटखाली काढलेला, जरा हललेला, मागे बिलाचं पुस्तक आणि अर्धा कप चहा. चिठ्ठीवर तारीख. डब्यावर कोणाच्या तरी बारशाचा मजकूर होता आणि त्यातलं प्रत्येक जोडाक्षर नीट होतं. मला तो हललेला फोटो फार आवडला.

त्याचे अभिप्रायही वाचले होतेच. दोघांनी माल तीन दिवस उशिरा आल्याची तक्रार केली होती, एकीचं नाव चुकलं होतं. तिच्याखाली त्याने उत्तर लिहिलं होतं की डबा बदलून दिला, आणि तिनेच पुन्हा येऊन ‘मिळाला’ असं लिहिलं होतं. तक्रार नसलेल्या दुकानापेक्षा अशी निभावलेली तक्रार मला जास्त सांगते. उशिराची सवय कळली म्हणून मी त्याला आमची तारीख आठ दिवस अलीकडची सांगितली. हा थोडासा खोटेपणा, पण घरोघरी चालणारा!

त्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक होता. पंधरा अक्षरांचा हा क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द ते फुकट दिसतं. मात्र लहान धंद्याला ही नोंदणी सक्तीची नसते. घरी बसून काम करणाऱ्या एखाद्या ताईकडे क्रमांक नसेल, तर एवढ्यावरून तिला बाद करू नका. आपल्यातल्याच कितीतरी जणी तशा विकतात.

आता नमुना. हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात आणि त्यातच घोळ होतो. एक असतो चित्रातला नमुना, ज्याला छपाईवाले प्रूफ म्हणतात. म्हणजे झाकणावर मजकूर कसा बसेल त्याचं चित्र. दुसरा प्रत्यक्ष नमुना, म्हणजे एक डबा खरोखर करून पाठवणं. चित्रातल्या प्रूफमध्ये शुद्धलेखन आणि मांडणी कळते. पत्रा किती जाड, अक्षर किती खोल, झाकण घट्ट बसतं का, हे त्यात कळत नाही. एक-दोन वस्तू असतील तर प्रूफ पुरतं. छत्तीस असतील तर एक डबा करून बघावाच.

मी मजकूर टाइप करून पाठवला. बोलून नाही, कागदाचा फोटो काढूनही नाही. टाइप केलेला मजकूर पुढे वाद झाला तर दाखवता येतो. आणि विचारलं, “प्रूफ पाहिल्यावर पैसे दिले तर चालेल ना?” तो म्हणाला, “प्रूफचे पैसे नाहीत, पण दोनपेक्षा जास्त वेळा बदल केलात तर शंभर रुपये घेईन.” हे मला रास्त वाटलं. प्रूफ करायला त्याचा अर्धा तास जातो, आणि ते घेऊन दुसऱ्याकडे जाणारे ग्राहकही त्याने पाहिलेले असतात. काही जण प्रूफसाठी आधीच पन्नास-शंभर रुपये मागतात आणि ऑर्डर दिली की वळते करतात. तेही चालेल. पूर्ण पैसे दिल्याशिवाय प्रूफ नाही म्हणणाऱ्याकडे मात्र जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रूफ आलं. मी वाचलं, मला बरोबर वाटलं. मग मी ते माझ्या शेजारच्या काकूंना दाखवलं, ज्यांना मजकूर माहीत नव्हता. हे मुद्दाम केलं. आपणच लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं, डोळा पुढे पळतो. काकूंनी मोठ्याने वाचलं आणि थांबल्या, “दशकपुर्तीनिमित्त? पू पहिला का?” खरंच, पु ऱ्हस्व झाला होता. त्याने मजकूर पुन्हा टाइप केला होता आणि तिथे गफलत झाली होती. वेलांट्या, रफार, प्रे, सगळं ठीक होतं, फक्त तेवढा एक उकार. तुम्ही वाचताना ‘नि’ आणि ‘मि’च्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार एवढ्या जागी बोट ठेवून वाचा. गावाचं नाव आणि वर्षही वाचा, ते वाचायचं हमखास राहून जातं.

दुरुस्त प्रूफ आल्यावर मी नुसता अंगठा दाखवला नाही. प्रूफचं चित्र पुन्हा त्यालाच पाठवून खाली लिहिलं, “हे चित्र मंजूर. याप्रमाणे आधी एक डबा करावा.” चित्र दोन-तीनदा बदललेलं असतं. नुसत्या अंगठ्यावरून कोणतं मंजूर केलं ते पुढे कळत नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की मंजूर म्हटल्यावर त्यातली चूक आपल्या पदरात पडते. नाव घातलेला माल परत न घेण्याची अट बहुतेक विक्रेते घालतात, आणि त्यात तथ्य आहे, कारण दुसऱ्याच्या नावाचा डबा तो कोणाला विकणार? पण मंजूर चित्रापेक्षा वेगळं कोरून आलं, तर ती चूक त्याची. तिथे परत न घेण्याची अट पुढे करता येत नाही.

एका डब्याचे एकशे पंचेचाळीस आणि कुरिअरचे साठ, असे दोनशे पाच रुपये दिले. पैसे पाठवताना फोनवर ज्याच्या खात्यात जाणार त्याचं नाव येतं. ते नाव मी बिलाशी ताडून पाहिलं. दुकानाचं नसेल तर मालकाचं तरी असावं. भलतंच नाव आलं तर थांबून विचारायचं. आणि तुम्हाला पैसे परत देतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला, तर पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

चार दिवसांनी डबा आला. पत्रा बरा होता, झाकण घट्ट. काथ्याने आणि साबणाने दहा वेळा घासला, अक्षर हललं नाही, म्हणजे लेझरने कोरलेलं होतं. काही ठिकाणी कोरलेलं सांगतात आणि वरून छापलेलं किंवा चिकटवलेलं देतात. ते नखाने खरवडलं की कडेने सुटायला लागतं. म्हणून मागवतानाच विचारायचं, कोरणार की छापणार.

पण एक गोष्ट बिघडली होती, आणि ती चित्रात कधीच दिसली नसती. तळची ओळ ‘हळदीकुंकू समारंभ’ फार बारीक आली होती, अक्षर जेमतेम तीन मिलिमीटर उंच. फोनवर आपण चित्र मोठं करून बघतो, त्यामुळे झाकणावर ते केवढं होणार याचा अंदाज येत नाही. एवढ्या लहान अक्षरात अनुस्वाराचं टिंब वरच्या रेघेत मिसळून गेलं होतं. वाचायला ‘हळदीकुकू समारभ’. चाळिशीच्या चष्म्यातून तर तेही नाही. त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, “ओळ मोठी करतो, पण मग वरची फुलांची वेल काढावी लागेल.” काढ म्हटलं. अक्षर पाच मिलिमीटर झालं, नवं चित्र आलं, काकूंनी पुन्हा वाचलं, मंजूर.

छत्तीस डब्यांचे पाच हजार दोनशे वीस रुपये. निम्मे, म्हणजे दोन हजार सहाशे दहा आधी दिले आणि बाकीचे सगळे डबे बांधायच्या आधी एकत्र मांडून फोटो पाठवल्यावर, असं ठरवलं आणि तसं लिहून घेतलं. त्याने दुकानातल्या चटईवर झाकणं वर करून सगळे डबे मांडले, फोटो पाठवला. उरलेले पैसे दिले. माल आला तेव्हा नणंदेच्या मुलीने खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढला, पट्टी कापण्यापासून. दोन झाकणांवर ओरखडे होते. व्हिडिओ पाठवला, चार दिवसांत दोन नवी झाकणं आली. सांगितलेल्या तारखेला पाच दिवस उशीर झाला होताच. खोट्या तारखेने आमची लाज राखली.

इतकं करूनही बिघडलं तर काय? मंजूर चित्र, मजकूर, पैशाची पावती आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ एवढं जवळ ठेवून आधी विक्रेत्याला लेखी तक्रार करायची. ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार मिळाल्याचं अठ्ठेचाळीस तासांत कळवावं आणि महिन्याच्या आत ती निकाली काढावी, असं त्याच नियमांत आहे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतून बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. आणि विक्रेता पैसे घेऊन गायबच झाला, फोन बंद, पान बंद, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी १९३० ला फोन करायचा. हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

नव्व्याण्णव रुपयेवाल्याचं पान मी फेब्रुवारीत सहज पुन्हा शोधलं. ते नव्हतं. आणि बारीक अक्षराचा तो नमुन्याचा डबा माझ्या ओट्यावर आहे. त्यात मी सध्या हळद ठेवते.